14:32 वरच्या VLOOKUP मध्ये शेवटचा भाग राहून गेला आहे

नमस्कार मॅडम,

इंदूरहून लिहितो आहे. सियागंजातल्या एका थोक किराणा दुकानाचे हिशेब मी पाहतो. आमच्याकडे बिलाला बसणाऱ्या मराठी घरांतल्या मुलामुलींना एक्सेल शिकायचं असलं की मी तुमचेच व्हिडिओ पाहायला सांगतो. हिंदीत अशा व्हिडिओंचा सुकाळ आहे, पण भावयादी, उधारी आणि सूट या क्रमाने, दुकानाच्या रोजच्या कामाला धरून शिकवणारं फार थोडं सापडतं. 16:10 ला डॉलरचं चिन्ह का लावायचं हे तुम्ही सूत्र खाली ओढून दाखवलंत, तेवढ्याने आमच्या दोघातिघांची कायमची अडचण सुटली. म्हणूनच याच व्हिडिओतली एक चूक मोकळेपणाने सांगावीशी वाटते. ती पडद्यावर चूक म्हणून दिसतच नाही, आणि बिलात मात्र पैसे चुकवते.

14:32 ला तुम्ही मालाच्या कोडवरून भाव आणण्यासाठी हे सूत्र लिहिता:

```
=VLOOKUP(A2,$H$2:$J$6,3)
```

आणि 15:05 च्या आसपास म्हणता की चौथा भाग ऐच्छिक आहे, नाही लिहिला तरी चालतं. एक्सेल तो भाग चौकटी कंसात दाखवतं, त्यामुळे तसं वाटणं साहजिक आहे. पण तो रिकामा सोडला की एक्सेल तिथे TRUE धरतं, म्हणजे जवळपास जुळणारा कोडही चालतो. नेमका तोच कोड सापडलाच पाहिजे अशी अट मग उरत नाही. इथे हवं ते असं:

```
=VLOOKUP(A2,$H$2:$J$6,3,FALSE)
```

FALSE ऐवजी 0 लिहिलं तरी तेच.

व्हिडिओत उत्तर बरोबर आलं, कारण तुमच्या यादीतले कोड चढत्या क्रमाने आहेत: 101, 104, 106, 109, 112. शिवाय शोधलेला प्रत्येक कोड यादीत होता. आता त्याच यादीत फक्त 106 आणि 109 या दोन ओळींची अदलाबदल करून पाहा. समजा भाव असे आहेत:

```
101  तूरडाळ     140
104  साखर        44
109  पोहे         52
106  गूळ          58
112  शेंगदाणे    130
```

A2 मध्ये 106 टाका. गुळाचा भाव 58 यायला हवा, पण येतो 44, म्हणजे साखरेचा. याचं कारण असं की TRUE असताना एक्सेल यादी वरून खाली एकेक ओळ वाचत नाही. यादी क्रमाने लावलेली आहे असं गृहीत धरून ते आधी मधली ओळ पाहतं. मधे 109 आहे, तो 106 पेक्षा मोठा, म्हणून खालच्या अर्ध्या भागाकडे ते वळतच नाही. वरच्या भागात 106 पेक्षा लहान असलेला सगळ्यात मोठा कोड 104, तोच उचलतं. गुळाची ओळ खाली शाबूत असते, पण तिथवर शोध पोहोचत नाही. 25 किलो गुळाचं बिल 1450 ऐवजी 1100 चं होतं. 350 रुपये गेले, आणि सेल मात्र स्वच्छ. ना लाल खूण, ना #N/A.

यादी नीट क्रमाने लावून ठेवली तरी धोका पुरता जात नाही. तुमच्या मूळ यादीत 105 टाकून बघा. असा कोड नाहीच, तरी 104 चा भाव येतो. 999 टाका, शेंगदाण्याचा भाव येतो. गर्दीच्या वेळी एक आकडा इकडचा तिकडे होणं ही आमच्याकडे रोजची गोष्ट आहे. चौथ्या भागात FALSE असेल तर अशा वेळी #N/A येतो आणि बिल करणारा जागीच थांबतो. मला विचाराल तर या सूत्राचा खरा उपयोग हाच आहे. नसलेला कोड नाही म्हणून सांगणं हे भाव शोधून देण्याइतकंच महत्त्वाचं. म्हणून तो #N/A लपवायला IFERROR लावून शून्य दाखवू नये असंही मला वाटतं, नाहीतर माल फुकट गेल्याचं बिल बनेल.

19:05 ला तुम्ही वजनानुसार सूट काढता, 0, 10, 50 आणि 100 किलोचे टप्पे धरून. तिथेही चौथा भाग लिहिलेला नाही, पण ते सूत्र अगदी बरोबर आहे. 37 किलो यादीत नसतात आणि 10 किलोच्या टप्प्याची सूट मिळायला हवी असते, म्हणजे इथे जवळपास जुळणीच पाहिजे. त्यामुळे पहिल्या सूत्राची दुरुस्ती करताना कुणी घाईने इथेही FALSE घातलं तर बहुतेक बिलांना #N/A येईल. मला सुचतं ते एवढंच की तिथे TRUE उघडपणे लिहावं, म्हणजे शिकणाऱ्याला दोन्हींतला फरक समोर दिसेल:

```
=VLOOKUP(C2,$M$2:$N$5,2,TRUE)
```

पाहणाऱ्यांसाठी एक सूचना. FALSE घातल्यावर काहींना यादीत दिसत असलेल्या कोडलाही #N/A येईल. तेव्हा घाबरून FALSE काढू नका. बहुतेक वेळा कोड एका ठिकाणी आकडा म्हणून आणि दुसऱ्या ठिकाणी मजकूर म्हणून साठलेला असतो. बिलिंगच्या दुसऱ्या सॉफ्टवेअरमधून यादी आणली की हे हमखास होतं. अशा सेलच्या डाव्या वरच्या कोपऱ्यात छोटा हिरवा त्रिकोण दिसतो. ते सगळे सेल निवडा, बाजूला येणाऱ्या पिवळ्या खुणेवर क्लिक करा आणि Convert to Number घ्या. कोडऐवजी मालाच्या नावाने शोधत असाल तर नावाच्या शेवटी राहिलेली मोकळी जागा नडते, तिथे TRIM कामी येतं.

ज्यांची बिलं आधीच या सूत्राने झाली आहेत त्यांनी बाजूच्या मोकळ्या रकान्यात हे लिहून खालपर्यंत ओढावं. भाव D मध्ये आहे असं धरलंय:

```
=IF(D2=VLOOKUP(A2,$H$2:$J$6,3,FALSE),"","तपासा")
```

जिथे "तपासा" येईल तिथे भाव दुसऱ्याच मालाचा लागलाय, आणि जिथे #N/A येईल तिथे तो कोड भावयादीत नाही, किंवा वर सांगितलेला आकडा-मजकुराचा घोळ आहे. फक्त ज्या दिवसाची बिलं, त्याच दिवसाची भावयादी समोर हवी.

गूगल शीट्समध्येही VLOOKUP चा शेवटचा भाग सोडला तर हेच होतं, त्यामुळे मोबाइलवर काम करणाऱ्यांनीही तो लिहावाच. ज्यांच्याकडे एक्सेल 2021 किंवा मायक्रोसॉफ्ट 365 आहे त्यांना XLOOKUP मिळतं. त्यात नेमकी जुळणी आपोआप धरलेली असते. पण आमच्या बाजारात बऱ्याच दुकानांत अजून जुनं एक्सेल आहे, म्हणून तुम्ही VLOOKUP शिकवलंत ते योग्यच वाटतं.

मॅडम, नवा व्हिडिओ करायची गरज नाही. वर्णनात पहिल्याच ओळीला "14:32: शेवटी ,FALSE जोडा. 19:05 चं सूत्र तसंच ठेवा" एवढं आलं तरी पुष्कळ होईल. आणि सरावाची जी फाइल तुम्ही खाली दिली आहे, तिच्या "बिल" शीटमध्ये D2 पासून खाली हेच अपुरं सूत्र आहे. लोक ती फाइल उतरवून थेट दुकानात वापरतात, तेव्हा जमलं तर आधी ती बदलावी.