राजगड: रात्रीची गस्त

पुढे चालू | नवा खेळ | झोळी | नकाशा | बाहेर पडा

कामगिरी: सुवेळा माचीची मशाल

हवालदार: "पोरा, सुवेळा माचीवरची मशाल वाऱ्यानं विझली. अंधारात पहारा कसा ठेवायचा? पद्मावती माचीवरच्या कोठारातून तेलाची बुधली आणि चकमक घे. नेढ्यापाशी जपून जा, तिथं वारा माणसाला ढकलतो."

तेलाची बुधली ०/१
चकमक ०/१

झोळी उघडून तेलाची बुधली निवडा आणि मशालीवर ओता. मग `E` दाबून चकमक झाडा. पळालात तर तेल सांडेल.

बक्षीस: दिवटी १

भाषांतरकाराची टीप: या खेळात दिवटी ही वेगळी वस्तू आहे, म्हणून मशालीला कुठेही दिवटी म्हटलेलं नाही. ‘तेलाची बुधली’ हे नावही झोळीत आहे तसंच ठेवलंय. नुसतं ‘तेल’ लिहिलं, तर खेळणारा कोठारात भलतंच शोधत बसेल.