पोटातली पोकळी

शिरोली एमआयडीसीतली एक फाउंड्री पुण्याच्या कंपनीला ट्रॅक्टरच्या ब्रेकची हाउसिंग पुरवते. मालकीणबाईंनी सहज एक नग उभा कापायला लावला. वरून गुळगुळीत, मापात चोख. पण जाड भागाच्या पोटात मोहरीएवढी छिद्रं. तिथला धातू सगळ्यात शेवटी गोठतो आणि रायझर, म्हणजे साच्यातला वितळलेल्या धातूचा जादा साठा, छोटा केल्यामुळे त्याला वरून रस पुरला नव्हता. रायझर छोटा केला होता मालकिणीच्याच सांगण्यावरून, धातू वाचावा म्हणून.

त्या लॉटचे 400 नग गेल्या आठवड्यात रवाना झालेत. ग्राहक फक्त मापं तपासतो. सुपरवायझर म्हणाला, "मॅडम, आजवर एकही नग परत आला नाही. पुढच्या लॉटपासून सुधारू." बिल अडकलं तर पगार थकतील, ही भीतीही खरी आहे. पण ब्रेक दाबणाऱ्या शेतकऱ्याला या चर्चेत कुणी धरलेलंच नाही.

चर्चेसाठी प्रश्न

1. ग्राहकाला आजच कळवावं, की आणखी नग कापून आधी खात्री करावी? तोवर माल ट्रॅक्टरला बसला तर?
2. तपासणीत पास झालं म्हणजे पुरवठादाराची जबाबदारी संपते का?
3. मालकिणीने गप्प राहायचं ठरवलं, तर सुपरवायझरने काय करावं?
4. ग्राहकाला फोनवर रायझरची गोष्ट सांगावी का? मालकिणीचं पहिलं वाक्य लिहा.