आजारपणामुळे जीएसटी नोटिशीच्या उत्तरासाठी मुदतवाढ मिळण्याबाबत अर्ज

दिनांक : १२ मार्च २०२५

प्रति,
मा. सहायक राज्यकर आयुक्त,
महाराष्ट्र वस्तू व सेवा कर विभाग,
जीएसटी भवन, विमानतळ रस्ता, येरवडा, पुणे ४११००६

अर्जदार : सुनील दत्तात्रय भोसेकर, मुद्रण व्यवसाय (एकल मालकी), नारायण पेठ, पुणे

विषय : एएसएमटी-१० नोटिशीचे उत्तर देण्यास ३० एप्रिल २०२५ पर्यंत मुदतवाढ मिळणेबाबत

संदर्भ : आपली दि. २२ जानेवारी २०२५ ची नोटीस, आर्थिक वर्ष २०२२-२३. नोंदणी क्रमांक व नोटिशीचा क्रमांक सोबत जोडलेल्या प्रतीवर आहे.

महोदय,

वरील नोटिशीचे उत्तर मी २१ फेब्रुवारीपर्यंत देणे अपेक्षित होते. ते देता आले नाही. त्या मुदतीत मी आधी अतिदक्षता विभागात व नंतर रुग्णालयाच्या वॉर्डात होतो. झालेला विलंब माफ करून उत्तरासाठी ३० एप्रिल २०२५ पर्यंत वेळ द्यावा, ही विनंती.

मी नांदेड गावाच्या परिसरात राहतो. जानेवारीत सिंहगड रस्त्याच्या या पट्ट्यात, म्हणजे किरकटवाडी, नांदेड, धायरी या भागात, गुलेन बॅरी सिंड्रोमचे रुग्ण वाढल्याचे आपण वर्तमानपत्रांतून वाचले असेलच. त्या रुग्णांपैकी मी एक. आधी जुलाब झाले, ते थांबले, आणि त्यानंतर पायांतली ताकद जाऊ लागली. १९ जानेवारीला दाखल केले तेव्हा मला जिना चढता येत नव्हता. पुढे हात गेले, मग श्वास अपुरा पडू लागला आणि व्हेंटिलेटर लावावा लागला. इम्युनोग्लोब्युलिनचा पूर्ण कोर्स दिल्यावर हळूहळू सुधारणा झाली. २४ फेब्रुवारीला घरी सोडले. आपली नोटीस पोर्टलवर आली त्या दिवशी मी अतिदक्षता विभागात होतो, हे डिस्चार्ज कार्डावरील तारखांवरून दिसेल.

नोटीस पोर्टलवर टाकली की ती बजावली गेली असे कायदा मानतो, त्याबद्दल माझी तक्रार नाही. अडचण वेगळी होती. नोंदणी माझ्या एकट्याच्या नावावर आहे. सूचनेचा मेसेज आणि ओटीपी माझ्याच मोबाइलवर येतात. तो मोबाइल माझ्या सामानाबरोबर पिशवीत बंद पडून होता आणि त्या दिवसांत घरच्यांना जीएसटी सुचणेही शक्य नव्हते. माझ्या करसल्लागारांनी फेब्रुवारीअखेर पोर्टल उघडल्यावर नोटीस पाहिली. तोवर मुदत टळून गेली होती. ऑक्टोबर ते डिसेंबर तिमाहीचे जीएसटीआर-३बी मी आजारी पडण्याआधीच भरले होते, म्हणजे विवरणपत्रे टाळण्याचा प्रश्न नव्हता, हेही नमूद करतो.

करसल्लागार परस्पर उत्तर का देत नाहीत, अशी शंका आपल्याला येणे साहजिक आहे. त्यांच्याकडे माझी विवरणपत्रे आणि खरेदीची नोंदवही आहे. मूळ बिले, ट्रान्सपोर्टच्या पावत्या आणि माल उतरवून घेतल्याच्या चिठ्ठ्या नारायण पेठेतल्या छापखान्यात आहेत आणि कोणती फाइल कुठल्या कपाटात हे मलाच माहीत आहे. छापखाना जानेवारीपासून बंद आहे. कामगार किल्ली घेऊन जाऊ शकतो, पण कागदाच्या दुकानदाराची कोणती चिठ्ठी कोणत्या बिलाची, हे तो सांगू शकणार नाही.

नोटिशीतील मुद्दा मला समजला आहे. २०२२-२३ मध्ये मी जीएसटीआर-३बीमध्ये ₹९,८४,३६० इतके इनपुट क्रेडिट घेतले आणि जीएसटीआर-२बीमध्ये ₹८,४१,२२० दिसते. फरक ₹१,४३,१४०. यातील ₹९७,२०० च्या रकमेचा उलगडा खरेदीच्या नोंदवहीवरून आत्ताच होतो. शाळांच्या कामांसाठी मागवलेल्या मॅपलिथो कागदाची बिले मार्च २०२२ च्या शेवटच्या आठवड्यातली आहेत. ती त्याच महिन्याच्या २बीमध्ये आली, म्हणजे मागील आर्थिक वर्षात. कागद मात्र छापखान्यात एप्रिलमध्ये उतरला. माल हाती आल्याशिवाय क्रेडिट घेता येत नाही, ही कलम १६(२) ची अट असल्याने मी ते एप्रिल ते जून २०२२ च्या तिमाहीत घेतले. नोंदवहीतला हा तपशील माल उतरल्याच्या चिठ्ठ्यांनी सिद्ध करायचा आहे आणि त्यासाठीच मला छापखान्यात बसून कागद काढावे लागतील.

उरलेल्या ₹४५,९४० बद्दल आज ठामपणे काही लिहीत नाही. बिले आणि २बी समोरासमोर ठेवून पाहिल्याशिवाय केलेला खुलासा आपल्या काही कामाचा नाही. तपासाअंती त्यातील जेवढी रक्कम क्रेडिटला पात्र नाही असे दिसेल, तेवढी व्याजासह डीआरसी-०३ ने भरून चलनाची प्रत उत्तराला जोडीन.

अधिक मुदत देण्याचा अधिकार आपल्याला कलम ६१(३) आणि नियम ९९(१) यांनी दिलेला आहे. दोन्हींमध्ये तीस दिवसांबरोबरच आपण मंजूर कराल त्या वाढीव कालावधीची तरतूद आहे. मुदतवाढीमुळे शासनाच्या महसुलाला बाध येत नाही. २०२२-२३ च्या वार्षिक विवरणपत्राची अंतिम तारीख ३१ डिसेंबर २०२३ होती. त्यामुळे कलम ७३ खालील आदेशासाठी ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत आणि कारणे दाखवा नोटिशीसाठी त्याआधी तीन महिन्यांपर्यंत वेळ आहे. मी मागतो आहे ती मुदत त्याच्या कितीतरी आधी संपते.

३० एप्रिल ही तारीख मी डॉक्टरांशी बोलून ठरवली आहे. सध्या वॉकर घेऊन घरातल्या घरात चालतो. फिजिओथेरपी रोज चालू आहे. एप्रिलच्या मध्यापर्यंत बाहेर पडू नये, असे प्रमाणपत्रात लिहिले आहे. त्यानंतरचे दोन आठवडे कागद शोधून उत्तर तयार करण्यास पुरतील.

तरी विनंती की, मुदत संपली म्हणून उत्तर आलेच नाही असे धरून कलम ७३ ची कार्यवाही तूर्त सुरू करू नये. मंजुरी पोर्टलवर किंवा नोंदणीकृत ई-मेलवर कळवावी. सुनावणी आवश्यक वाटल्यास ती एप्रिलच्या अखेरीस ठेवावी. त्याआधीची तारीख लागलीच, तर माझ्या वतीने करसल्लागार हजर राहतील. त्यांचे अधिकारपत्र जोडले आहे.

एक गोष्ट सहीबद्दल. बोटांची पकड अजून परत आलेली नाही. हा अर्ज मी सांगितला आणि माझ्या पत्नीने लिहून काढला. खालची सही माझीच आहे, पण नोंदणीच्या वेळच्या सहीशी ती जुळणार नाही. म्हणून तिच्याशेजारी डाव्या अंगठ्याचा ठसा दिला आहे आणि पत्नीने साक्षीदार म्हणून सही केली आहे. खातरजमा करायची असल्यास आधारपत्राची प्रत सोबत आहे.

सोबत : नोटिशीची प्रत, डिस्चार्ज कार्ड, डॉक्टरांचे प्रमाणपत्र, मार्च २०२२ मधील खरेदीच्या नोंदवहीची पाने, करसल्लागारांचे अधिकारपत्र, आधारपत्राची प्रत. हाच अर्ज पोर्टलवरही अपलोड केला आहे. आवक शिक्का मारलेली प्रत अर्ज आणून देणाऱ्याकडे द्यावी.

आपला विश्वासू,

(सही व डाव्या अंगठ्याचा ठसा)
सुनील दत्तात्रय भोसेकर

साक्षीदार : (सही) वैशाली सुनील भोसेकर, पत्नी