घर बंद करताना पाण्याची यादी: ३ मे ते ३१ मे

(फ्रिजवरून काढू नका. काम झालं की समोर खूण आणि आपलं आद्याक्षर. "केलंय वाटतं" चालणार नाही.)

ताईचं बाळंतपण म्हणजे महिना गेलाच. आणि मागच्या दिवाळीला आपण जेमतेम नऊ दिवस गावी गेलो होतो तेवढ्यात काय झालं ते सगळ्यांना आठवतंय. हौदाचा बॉलकॉक अडकला, रोज पहाटे नळ आला की हौद भरून वाहायचा आणि पाणी काकूंच्या अंगणात. धरणात पाणी कमी झालं म्हणून आपणच ओरडतो, आणि आपल्याच दारात ओहोळ!

आपल्याकडे काही बर्फ पडत नाही, पाइप गोठून फुटायची भीती नाही. आपली भीती तीन गोष्टींची: गळती, शिळं पाणी आणि डास. म्हणून सगळंच रिकामं करायचं नाही. काय रिकामं करायचं आणि काय भरलेलं ठेवायचं, हे नीट वाचा.

आजींच्या बाळाच्या स्वेटरची उरलेली लोकर घेतली आहे. लाल लोकर म्हणजे हा कॉक बंद केला आहे. पिवळी लोकर म्हणजे याला हात लावायचा नाही.

गुरुवार, ३० एप्रिल

☐ आजपासून वरच्या टाकीत मोटरने पाणी चढवणं बंद. आहे तेच वापरून संपवू, म्हणजे शेवटी गटारात सोडावं लागणार नाही. टाकीत पाव भाग राहू द्यायचा. का ते सोलरच्या कलमात.

☐ जिन्याखालचा जुना पितळी व्हॉल्व्ह एकदा फिरवून बघा (हे काम ह्यांचं). वर्षभर हललेला नाही. घड्याळाच्या दिशेने बंद होतो. अडकला तर पाना लावून जोर करायचा नाही, थोडा उलटा, थोडा सुलटा असं करत मोकळा करायचा. स्पिंडलपाशी थेंब यायला लागले तर शुक्रवारी प्लंबरला बोलवायला वेळ आहे. रविवारी नसेल.

शुक्रवार, १ मे, पहाटे साडेपाच

☐ चिनू, उठायचं. नळ आलेला असताना मीटरजवळचा कॉक बंद कर आणि पंधरा मिनिटं मीटरचं छोटं चक्र बघ. स्थिर राहिलं तर ठीक. फिरत असेल तर कॉक पूर्ण बंद होत नाही, किंवा मीटर आणि कॉक यांच्यामध्ये गळती आहे. मग कॉक परत उघड. सुट्टीचा दिवस आहे, नंतर झोप.

शनिवार, २ मे

☐ वॉशिंग मशीनची शेवटची खेप दुपारपर्यंत. मग मशीनचा नळ बंद, पाइप काढून आतलं पाणी बादलीत, दार अर्धवट उघडं.

☐ कूलर रिकामा करून, टाकी कोरडी पुसून, उन्हात. कुंड्यांखालच्या ताटल्या उचला, फ्रिजमागचा ट्रे ओता. डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून उडेपर्यंत साधारण आठवडा-दहा दिवस पुरतात, आपण चार आठवडे नाही. झाडांना पाणी काकू त्यांच्याकडच्या पाइपने घालणार आहेत, त्यामुळे आपल्याकडे बादली किंवा पिंप भरून ठेवायचं नाही.

☐ रात्री शेवटच्या अंघोळीनंतर गिझरचा एमसीबी खाली. नुसतं बटण नाही, एमसीबी. रात्रभर थंड होऊ द्या.

रविवार, ३ मे, निघायच्या आधी

हा क्रम बदलायचा नाही. आधी येणारं पाणी थांबवायचं, मग वीज, मग रिकामं करायचं.

☐ मीटरजवळचा कॉक बंद. लाल लोकर.

☐ मोटरचा एमसीबी खाली आणि टाकी आपोआप भरणाऱ्या कंट्रोलरचंही बटण बंद. हौदात पाणी कमी असताना तो मोटर चालू करत बसला तर मोटर कोरडी चालून जळेल. फ्रिज आणि कॅमेरा चालू राहणार आहेत, म्हणून मेन स्विच पाडायचा नाही.

☐ गच्चीवर: टाकीतून घरात येणारा कॉक बंद, लाल. सोलरमधून घरात येणारा गरम पाण्याचा कॉक बंद, लाल. टाकीतून सोलरला जाणारा कॉक उघडा, पिवळी लोकर.

सोलर रिकामा करायचा नाही, हे मी ठळक लिहिते आहे कारण "सगळं काढून टाकू" असं ह्यांच्या मनात आहे. मेमधल्या उन्हात काचेच्या नळ्या कोरड्या राहिल्या तर भयंकर तापतात, आणि तशात गार पाणी शिरलं तर तडकतात. भरलेला ठेवला तरी महिनाभर कुणी वापरणार नाही, म्हणून पाणी उकळून वाफ होत राहील. तेवढं भरून काढायला टाकीत पाव भाग पाणी हवं. वळवाच्या वाऱ्यात रिकामी प्लास्टिकची टाकी हलते तीही हलणार नाही. नळ्यांवर जुनी जाड ताडपत्री टाकून सुतळीने बांधा, पहाटेच, ऊन चढायच्या आत. वाफ जायचा उभा पाइप मात्र झाकायचा नाही, त्याला बोळा वगैरे अजिबात नको.

☐ टाकीचं झाकण घट्ट, वर वीट. ओव्हरफ्लोच्या पाइपला जाळी आहे का बघा.

☐ आता नळ उघडायचे. आधी वरच्या मजल्यावरचे, गरम आणि गार दोन्ही, म्हणजे हवा शिरेल. शेवटी मोरीतला सगळ्यात खालचा. गुळगुळ आवाज थांबला की झालं. निघणारं पाणी बादल्यांत धरून तुळशीला आणि कढीपत्त्याला.

☐ गिझर: हात लावून थंड असल्याची खात्री. गार पाण्याचा अँगल कॉक बंद, गरम नळ उघडा, खाली बादली, सेफ्टी व्हॉल्व्हचा खटका वर. पंधरा लिटर हळूहळू निघतं, घाई नको. एमसीबीवर चिकटपट्टी लावून लिहा: "गिझर रिकामा, चालू करू नका".

☐ प्युरिफायरचं बटण बंद, त्याचा कॉक बंद, टाकीतलं पाणी पूर्ण काढा.

☐ फ्लश टाक्या: कॉक बंद, एकदा फ्लश, तळाचं पाणी राहिलं तर राहू दे. कमोडच्या भांड्यातलं पाणी मात्र काढायचं नाही. त्या पाण्यामुळेच गटाराचा वास अडतो. झाकण लावा.

☐ मोरी, बाथरूम, सिंक: प्रत्येक जाळीत तांब्याभर पाणी आणि वर चमचाभर गोडेतेल. तेलाच्या थराने पाणी लवकर आटत नाही, झुरळं वर येत नाहीत. वर उपडी ताटली. ही आजींची युक्ती, आणि ती लागू पडते.

☐ सगळे नळ परत बंद. हे विसरलं तर बाकीचं व्यर्थ. कुणी चुकून कॉक उघडला तर घरात तळं.

☐ मीटरच्या आकड्याचा फोटो घरच्या ग्रुपवर.

काकूंना द्यायची चिठ्ठी (किल्लीबरोबर)

काकू, आठवड्यातून एकदा मीटरवर नजर टाका आणि गेटपाशी ओल आहे का बघा. ओल दिसली तर आम्हाला फोन करा. लाल लोकरीचे कॉक उघडू नका, आणि हौदात कुणालाही उतरू देऊ नका, प्लंबरलासुद्धा, आम्ही येईपर्यंत. बंद हौदातली हवा खराब असू शकते.

रविवार, ३१ मे, परत आल्यावर

☐ खिडक्या आधी. मग मीटरचा कॉक अर्धाच उघडा आणि हौदाचा बॉलकॉक वर येऊन पाणी अडवतो का ते भरेपर्यंत उभं राहून बघा. महिन्याचं जुनं पाणी धुण्याला, पिण्याला नाही.

☐ घराकडचे कॉक हळूहळू उघडा. सगळ्या नळांतून पाणी दोन-तीन मिनिटं वाहू द्या, नळाची जाळी काढून. पहिलं पाणी गढूळ येईल. शॉवरखाली लगेच कुणी उभं राहू नका.

☐ गिझरचा गरम नळ उघडून पाण्याची सलग धार आली की मगच चिकटपट्टी काढा. पहिल्या वेळी साठ अंशांपर्यंत तापवून ते पाणी सोडून द्या. कोमट साचलेल्या पाण्यात जंतू वाढतात, आणि घरी लवकरच बाळ येणार आहे.

☐ सोलरची ताडपत्री संध्याकाळी ऊन उतरल्यावर काढा. टाकी भरायची ती दुसऱ्या दिवशी पहाटे, नळ्या गार असताना.

☐ प्युरिफायरच्या पहिल्या दोन टाक्या फरशी पुसायला.

☐ गच्चीच्या पन्हाळ्यांतला पालापाचोळा काढा. तोवर पावसाची एखादी सर होऊन गेलेली असेल.