पाण्याने निकामी झालेल्या लॅपटॉपचा दावा आणि त्यातील डेटाचे मूल्य

दिनांक : १९ ऑगस्ट

प्रति,
व्यवस्थापक, दावा विभाग

विषय : पॉलिसी क्र. ४४१७-०२९ अंतर्गत लॅपटॉप व त्यावरील डेटाच्या नुकसानभरपाईचा दावा

महोदय,

७ ऑगस्टच्या रात्री वरच्या मजल्यावरील पाण्याची नळी फुटली आणि छतातून पाणी थेट माझ्या कामाच्या टेबलावर पडले. लॅपटॉप मिटलेला होता, पण पूर्ण बंद नव्हता. स्लीपमध्ये होता, म्हणजे बॅटरीचा प्रवाह आत चालूच होता. सकाळी पाहिले तेव्हा कीबोर्डमधून पाणी निथळत होते. मी चार्जर काढला आणि तो सुरू करून पाहण्याचा मोह टाळला. नळी अचानक फुटल्याचा इमारतीच्या प्लंबरचा लेखी अहवाल जोडला आहे. ही हळूहळू झिरपणारी गळती नव्हती, त्यामुळे झीज किंवा देखभालीच्या अभावाचे अपवाद-कलम इथे लागू होत नाही, असे माझे म्हणणे आहे.

लॅपटॉपचे खरेदी-बिल आणि दुरुस्ती केंद्राचा अहवाल सोबत आहेत. मदरबोर्ड गंजला आहे आणि दुरुस्ती परवडणारी नाही, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. या भागावर वाद होईल असे वाटत नाही. अडचण डिस्कची आहे, म्हणून तिच्याविषयी सविस्तर लिहिते.

डिस्क १ टीबीची, फिरत्या तबकड्यांची होती. अशा डिस्कच्या आवरणाला हवेचा दाब समान ठेवण्यासाठी फिल्टर लावलेले बारीक छिद्र असते. त्यातून पाणी आत गेले. वाचणारे हेड तबकडीपासून काही नॅनोमीटरच वर तरंगते; पाणी सुकून राहिलेला क्षारांचा पातळ थरही त्याला अडथळा ठरतो. प्रयोगशाळेने फोनवर सांगितल्याप्रमाणे मी डिस्क न सुकवता हवाबंद पिशवीत पाठवली होती. त्यांनी सर्किट बोर्ड बदलला, हेडही बदलले. पण तबकड्यांवरचे डाग आणि ओरखडे यांमुळे वाचन होऊ शकले नाही, असा त्यांचा अहवाल आहे. प्रयत्न अपयशी ठरला तरी नुकसान कमी करण्यासाठी तो आवश्यक होता, म्हणून त्याचे शुल्कही मागत आहे.

आता डेटाचे मूल्य. मी इमारतींची मोजमापे घेऊन त्यांचे नकाशे संगणकावर काढते. कोऱ्या डिस्कची किंमत आणि या डिस्कची किंमत एकच, असे धरले तर माझे खरे नुकसान हिशेबात येतच नाही. पॉलिसीच्या डेटा-पुनर्स्थापना कलमात गमावलेली माहिती पुन्हा तयार करण्याचा खर्च देय आहे. मी तेवढाच मागते आहे. त्या कामामागचा जीव किंवा मनस्ताप यांची किंमत लावलेली नाही. १ जुलैपर्यंतचा बॅकअप दुसऱ्या जागी सुरक्षित आहे, त्यामुळे त्याआधीचे एकही काम दाव्यात नाही.

त्यानंतरची कामे तीन. शाळेच्या इमारतीचे नकाशे करायला ९० तास लागले होते. ग्राहकाला पाठवलेल्या पीडीएफ ईमेलमध्ये असल्यामुळे आता ६२ तासांत ते पुन्हा काढता येतील, म्हणून ६२च धरले. ग्रंथालयाच्या वाढीव भागाची मोजमापे फक्त डिस्कवर होती. तिथे पुन्हा जाऊन मोजायला १४ आणि रेखाटायला ४० तास. तिसरे काम सर्वांत अवघड आहे. ते एका जुन्या घराचे होते आणि ते घर आता पाडले गेले आहे. परत मोजायला तिथे काहीच उरलेले नाही. त्या घराच्या खिडक्यांची, जिन्याच्या वळणांची अचूक मापे आता कुठेच नाहीत, आणि त्या कुटुंबाला मी ती देऊ शकत नाही, याचे मला मनापासून दुःख आहे. तरीही दाव्यात फक्त मोजमाप व रेखाटनाचे मूळ ३८ तास धरले आहेत. एकूण १५४ तास होतात. ताशी दर या वर्षीच्या बिलांमधूनच घेतला आहे. ती बिले, कामाच्या नोंदवहीची पाने आणि तिन्ही ग्राहकांची पत्रे जोडली आहेत. सर्व रकमा सोबतच्या तक्त्यात आहेत.

आपल्या सर्व्हेअरना लॅपटॉप आणि डिस्क केव्हाही पाहता येईल. दोन्ही जशीच्या तशी ठेवली आहेत. मात्र भरपाईनंतर डिस्क भंगार म्हणून आपल्या ताब्यात जाणार असेल, तर एक अट मान्य करावी. त्यावर ग्राहकांच्या घरांचे नकाशे आहेत, आणि आज वाचता न आलेल्या तबकड्या उद्या कोणी वाचणारच नाही, असे मी गृहीत धरू शकत नाही. डिस्क माझ्यासमोर नष्ट करावी किंवा मलाच परत करावी.

ग्रंथालयाला ३० सप्टेंबरपर्यंत नकाशे द्यायचे आहेत. पुनर्मोजणी त्याआधी सुरू करावी लागेल, त्यामुळे सर्व्हेअरची भेट याच आठवड्यात ठरवावी. दाव्याचा कोणताही भाग नामंजूर करायचा असल्यास कलम क्रमांकासह कारण लेखी कळवावे.

आपली विश्वासू,
पॉलिसीधारक

सोबत : खरेदी-बिल, प्लंबर, दुरुस्ती केंद्र व प्रयोगशाळेचे अहवाल, प्रयोगशाळेचे शुल्क-बिल, छायाचित्रे, ग्राहकांची बिले व पत्रे, नोंदवहीच्या प्रती, रकमांचा तक्ता