आडिवऱ्याच्या आत्यास दिवाळीचे पत्र

॥ श्री ॥

डोंबिवली (पूर्व),
शनिवार, ११ ऑक्टोबर २०२५
अश्विन वद्य पंचमी, शके १९४७

तीर्थस्वरूप आत्यास,
श्रीकांतचा शिरसाष्टांग नमस्कार. विनंती विशेष.

येथे आम्ही सर्व जण देवीच्या कृपेने खुशाल आहोत. नवरात्राच्या दिवसांत तू लिहिलेले पत्र दसऱ्याच्या आदल्या दिवशी पोहोचले. सोबत पाठवलेला महाकालीचा अंगारा आप्पांनी देवघरात ठेवला असून रोज सकाळी अंघोळीनंतर ते तो स्वतः लावतात. हे पत्र वसुबारसेपर्यंत तुझ्या हाती पडावे म्हणून आजच टपालात टाकत आहे. साध्या टपालाचा भरवसा नाही, आणि रजिस्टर टपाल या महिन्याच्या एक तारखेपासून टपाल खात्याने स्पीड पोस्टातच मिळवून टाकले आहे, तेव्हा पोस्टमनने सही मागितली तर घाबरू नकोस, पाकीट माझेच आहे. अक्षर मुद्दाम मोठे काढले आहे. तरीही दिव्याखाली वाचण्याची घाई न करता दिवसाउजेडी पडवीत बसून वाचावे, किंवा शेजारच्या मुलीकडून वाचून घ्यावे.

सर्वप्रथम तुला आम्हा सर्वांकडून दीपावलीच्या मनःपूर्वक शुभेच्छा. ही दिवाळी आणि येणारे वर्ष तुला निरामय जावे, गुडघ्यांनी तुला फार छळू नये आणि तुझ्या अंगणातल्या तुळशीपुढे तुझ्याच हाताने दिवा लागत राहावा, हीच देवीचरणी प्रार्थना. यंदा तिथींचा जरा घोळ आहे. अमावास्या सोमवारी दुपारनंतर लागून मंगळवारी संध्याकाळी संपते, त्यामुळे उत्तरेकडे पुष्कळ जण सोमवारीच लक्ष्मीपूजन करणार आहेत. आपल्याकडच्या पंचांगाप्रमाणे नरकचतुर्दशी सोमवारी २० तारखेला, लक्ष्मीपूजन मंगळवारी, पाडवा बुधवारी आणि भाऊबीज गुरुवारी २३ तारखेला आहे. तू कॅलेंडर पाहिले असशीलच, पण आप्पांनी हे लिहायला बजावून सांगितले, म्हणून लिहिले.

आता आप्पांविषयी. सप्टेंबरच्या मध्यावर त्यांच्या उजव्या डोळ्याची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली. ती उत्तम पार पडली आणि पट्टी काढल्याबरोबर त्यांनी समोरच्या भिंतीवरच्या घड्याळातली वेळ वाचून दाखवली. तुला आधी कळवले नाही ते त्यांच्याच सांगण्यावरून. तू उगीच नवस बोलून बसशील, असे त्यांचे म्हणणे. डोळ्यात थेंब घालण्याचे वेळापत्रक स्वयंपाकघराच्या दारावर चिकटवले आहे आणि त्यावर प्रत्येक वेळी खूण करण्याचे काम त्यांनी कोणालाही दिलेले नाही. मात्र डॉक्टरांनी थेंब पूर्ण होईपर्यंत धूळ, धूर आणि लांबचा प्रवास टाळायला सांगितले असल्यामुळे यंदा भाऊबीजेला गुरुवारी ते तुझ्याकडे येऊ शकणार नाहीत. हे त्यांना फार लागले आहे. आईच्या आजारपणाचे वर्ष सोडले तर त्यांनी तुझी भाऊबीज कधी चुकवलेली नाही, हे तुला मी सांगायला नको.

म्हणून आम्ही असे ठरवले आहे की शनिवारी १ नोव्हेंबरला आप्पा, मी आणि मंदार असे तिघे सकाळच्या दिवा-सावंतवाडी गाडीने निघून राजापूर रोडला उतरू आणि तेथून रिक्षा करून संध्याकाळपर्यंत आडिवऱ्याला पोहोचू. भाऊबीज तुळशीच्या लग्नापर्यंत चालते, असे तूच आम्हाला लहानपणी सांगत असायचीस, त्याचा आधार आज आम्ही घेत आहोत. गुरुवारी तू रीतीप्रमाणे चंद्राला ओवाळ आणि आप्पांचे ओवाळणे आम्ही आल्यावर कर. तुळशीचे लग्न आटोपूनच आम्ही परतू, तेव्हा ऊस आणि आवळे चिंचा आणण्यासाठी कोणाच्या मागे लागू नकोस. ते सर्व मंदार राजापूरच्या बाजारातून आणील. गेल्या पत्रात तू पडवीच्या कोपऱ्यात पाणी गळते असे लिहिले होतेस, ती कौलेही तो पाहून घेईल. तू स्वतः शिडीवर चढू नयेस, ही माझी हात जोडून विनंती आहे. ती विनोदाने लिहिलेली नाही.

मुग्धाचे लग्न झाल्यानंतरची ही तिची पहिलीच दिवाळी असल्यामुळे पाडव्याला तिचा दिवाळसण आहे. ती आणि ओंकारराव पुण्याहून सोमवारी रात्री येणार आहेत. जावई स्वभावाने अगदी साधे आहेत. काय हवे म्हणून विचारले तर काहीच नको म्हणतात, त्यामुळे सौ. वैशालीची मोठी पंचाईत झाली आहे. अखेर आप्पांनी चांदीची वाटी द्यावी असे सुचवले आणि प्रश्न मिटला. मे महिन्यात गुडघ्यांमुळे तुला लग्नाला येता आले नाही आणि टेलिफोनवर दाखवण्याचीही सोय नाही, म्हणून लग्नातले सहा फोटो छापून या पाकिटात घातले आहेत. प्रत्येकाच्या मागे कोण कोठे उभे आहे ते पेन्सिलीने लिहिले आहे. ज्या फोटोत मुग्धा हिरव्या शालूत बसली आहे तो नीट पाहा: तिच्या हातातल्या गोठांची जोडी तूच तिच्यासाठी पाठवलेली आहे. सासरच्या बायकांनी ते घडणीचे जुने काम हातात घेऊन उलटसुलट करून पाहिले आणि ‘हे कोणाकडचे’ म्हणून विचारले, तेव्हा मुग्धाने तुझे नाव मोठ्या अभिमानाने सांगितले.

सुनंदाची बातमी मात्र तितकी चांगली नाही. सप्टेंबरच्या अखेरीस सीना नदीला जो पूर आला त्यात माढ्याकडची त्यांची खालची शेती पाण्याखाली गेली. घरात पाणी शिरले नाही आणि माणसे, जनावरे सुखरूप आहेत, ही देवाची कृपा. पण काढणीला आलेले सोयाबीन कुजले, ऊस आडवा झाला, आणि ओढ्याकाठच्या तुकड्यावरची काळी मातीच वाहून गेली. पिकाचे नुकसान पुढच्या हंगामात भरून येते, माती कशी भरून यावी, असे भाऊजी म्हणाले. त्यावर मला काही बोलता आले नाही. पंचनामे झाले आहेत. आम्ही येथून धान्य, चादरी आणि थोडी रक्कम पाठवली आहे. ती दोन्ही मुलांना घेऊन भाऊबीजेला येथे येणार आहे. तुझे तिच्यावर जीव लावणे मला ठाऊक आहे, म्हणून सांगतो, काळजी करून जागरण करू नकोस. तिच्या नावाने एक पोस्टकार्ड टाकलेस तर तिला मोठा धीर येईल. पत्ता तोच आहे.

मंदारला पुण्याच्या नोकरीत सहा महिने झाले आणि तो कायम झाला. पहिल्या पगारातून त्याने तुझ्यासाठी घेतलेली लोकरीची शाल तो येताना आणणार आहे. कोकणात शाल कशाला, असे मी म्हणालो, तर पहाटे देवळात जाताना आजीला लागते, हे त्याने मला ऐकवले. सध्या शनिवार-रविवारी घरी आला की तो इमारतीतल्या मुलांना किल्ला बांधायला मदत करतो. महाराष्ट्रातले अकरा किल्ले आणि तामिळनाडूतला जिंजी यांना गेल्या ११ जुलैला युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत स्थान मिळाले, आणि त्यांत आपल्या खालच्या अंगाचा विजयदुर्गही आहे, म्हणून यंदा मुलांनी शिवनेरीचा हट्ट सोडून विजयदुर्गच करायचे ठरवले आहे. तिहेरी तट मातीत उभा राहीना, तेव्हा आप्पांनी काळा चष्मा लावून खुर्चीवर बसून सूचना दिल्या. वाघोटणची खाडी म्हणून निळा कागद घातला आहे. त्यात पाणी ओतायचे की नाही, यावर अजून वाद चालू आहे.

फराळाचा डबा वरच्या आळीतल्या सदूकडे दिला आहे. तो वसुबारसेच्या रात्री येथून निघून दुसऱ्या दिवशी गावी पोहोचेल. डब्यात तळाशी बेसनाचे लाडू, त्यावर पातळ पोह्यांचा चिवडा आणि सर्वांत वर चकल्या आहेत. तू श्रावणात लिहून पाठवलेल्या प्रमाणानेच वैशालीने भाजणी केली: तांदूळ चार वाट्या, हरभऱ्याची डाळ दोन, उडदाची डाळ एक, आणि धणे-जिरे शेवटी, मंद आचेवर वेगळे भाजून. चकल्या खुसखुशीत झाल्या आहेत, तरी दातांना त्रास होईल असे वाटले तर कोमट दुधात बुडवून खा. तुझे हे असे खाणे आम्हाला कोणालाच नवीन नाही. तुपावरचा कर २२ सप्टेंबरपासून कमी झाल्यामुळे यंदा लाडूंना तूप हात न आखडता घातले आहे, असे वैशाली लिहायला सांगते. नरकचतुर्दशीला फोडायचे कारीट येथे बाजारात पैसे मोजून घ्यावे लागते, आणि कुंपणावर वाटेल तितकी लगडलेली कारिटे पाहिलेल्या माझ्यासारख्याला ते दर वर्षी जिवावर येते. तुझ्याकडचे नव्या भाताचे पोहे आणि गूळ मात्र आम्ही आल्यावर खाऊ, थोडे राखून ठेव.

मे महिन्याच्या २५ तारखेलाच पाऊस कोकणात उतरल्यामुळे तुझी आमसुले आणि आंबापोळी वाळली नाहीत, असे तू लिहिले होतेस. त्याबद्दल वाईट वाटून घेऊ नकोस. गेल्या वर्षीची आमसुले अजून बरणीत आहेत, सोलकढी त्यावर निभावते आहे. यंदाच्या भातकापणीचे काय झाले ते कळव. कापणीसाठी माणसे मिळाली नसतील तर मंदार आणि मी आल्यावर जमेल ते करू, यात संकोच नको.

रक्तदाबाची गोळी रात्री न चुकता घेत जा. उत्तरासाठी सोबत आमचा पत्ता लिहिलेली दोन पोस्टकार्डे ठेवली आहेत. चार ओळी लिहिल्यास तरी आप्पांना पुरे. घरातील सर्व लहानथोरांचा तुला नमस्कार.

कळावे, लोभ असावा, ही विनंती.

तुझा भाचा,
श्रीकांत

चि. सौ. माईस अनेक आशीर्वाद लिहिण्याइतका मी तुझ्याहून थोरला नाही, म्हणून नमस्कारच. डोळा बरा आहे. या ओळी चष्म्याविना लिहिल्या आहेत. शनिवारी येतो. निरांजनाला वाती तूच वळ, विकतच्या नकोत.
तुझा धाकटा, आप्पा

ता. क. गाडीला उशीर झाला तर रात्रीचे जेवण आम्ही राजापुरातच उरकून येऊ. आमच्यासाठी चूल पेटती ठेवून जागत बसू नकोस. दाराची कडी फक्त आतून लावू नये.