सर, मीटिंगमधल्या तुलनेबद्दल

सर, नमस्कार. सकाळी ब्रँचमध्ये बोलणार होते, पण काउंटरवर गर्दी होती आणि तुमच्या केबिनचं दार उघडं. म्हणून इथे लिहिते. हा मेसेज फक्त तुम्हालाच आहे. ज्याच्याशी माझी तुलना होते त्याचं नाव मुद्दाम घालत नाही. तुम्हाला कळेलच, आणि चुकून कुणाच्या नजरेस पडलं तर त्याला अवघडायला नको.

सोमवारच्या मीटिंगमध्ये तुम्ही बोर्डावर आम्हा दोघांचे वसुलीचे आकडे शेजारी शेजारी लिहिलेत. त्याचे ९४ टक्के, माझे ७१. मग म्हणालात, "ताई, याच्याकडून जरा शिका." गेल्या दोन महिन्यांत असं तिसऱ्यांदा झालं. मी तिथे काही बोलले नाही, कारण सगळ्यांसमोर बोलले असते तर सबब सांगते असं वाटलं असतं. पण मला ते लागलं. यापुढे माझी अशी तुलना करू नये, एवढं सांगायला लिहिते.

आकडे खोटे आहेत असं मी म्हणत नाही. मे महिन्यात दोन खात्यांचा पाठपुरावा माझ्याकडून राहिला, त्या हप्त्यांची चूक माझीच. त्याबद्दल बोलावून चार शब्द सुनावलेत तरी चालेल. पण ९४ आणि ७१ हे दोन आकडे एका रांगेत बसत नाहीत, सर. त्याच्याकडे डिचोलीचा बाजार आहे. दुकानदाराचा गल्ला समोर असतो, पिग्मीसाठी रोज जाणं होतं, त्याच फेरीत कर्जाचा हप्ताही मागता येतो. माझ्याकडे होंडा, पिसुर्ले आणि वाळपईपर्यंतचा भाग, त्यात निम्मी खाती टिपरची. २०१२ ला खाणी बंद झाल्या, नंतर सुरू होऊन २०१८ च्या मार्चमध्ये परत थांबल्या, ते या घरांतून अजून गेलेलं नाही. पिसुर्ल्याच्या एका खातेदाराच्या अंगणात टिपर ताडपत्रीखाली उभा आहे, टायरांतून गवत वर आलंय. त्याची बायको शिवणाच्या पैशांतून आठवड्याला पाचशे काढून ठेवते, ते रुमालात बांधून माझ्या हातात देते. ते पाचशे बोर्डावर छोटे दिसतात. पण तिथे मी आठवडा चुकवला की तेही येत नाहीत.

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये हा भाग माझ्याकडे आला तेव्हा वसुली ५८ टक्के होती. मला मोजायचं तर तिथून मोजा. ७१ कमी वाटत असेल तर डिसेंबरपर्यंत किती हवेत ते सांगा, मी ते लिहून घेईन. आणि पावसाच्या चार महिन्यांत गाड्या उभ्याच असतात, चवथीच्या आधी लोक पैसे भरण्यापेक्षा काढायला जास्त येतात, हे टार्गेट ठरवताना धरावं एवढीच विनंती.

आणखी एक गोष्ट, कदाचित तुमच्या लक्षात आली नसेल. तो माझ्याहून सहा वर्षांनी लहान, मला ताई म्हणतो. पिग्मीचं मशीन अडलं की मी त्याला हाक मारायची, कर्जाच्या फायली मी त्याला लावून द्यायचे. सोमवारी तुम्ही बोलत होतात तेव्हा तो खाली मान घालून चहाच्या कपावरची साय बोटाने बाजूला सारत बसला होता. मीटिंगनंतर दोन दिवस आम्ही कामापुरतंच बोललो. मंगळवारी मशीन अडलं तर मी त्याला विचारलं नाही, स्वतःच अर्धा तास खटपट केली. हा माझाही हट्टच, मान्य आहे. त्याचा यात काही दोष नाही. त्याचं कौतुक जरूर करा, चांगलं काम करतो तो. फक्त त्याचं कौतुक करताना माझं नाव घेऊ नका.

माझ्या कामात कमी दिसलं तर मला केबिनमध्ये बोलवा आणि सरळ सांगा. त्याला मी कधी नाही म्हटलेलं नाही, यापुढेही म्हणणार नाही.

गुरुवारी साडेचारला कॅश टॅली झाली की दहा मिनिटं देता का? टिपरच्या सगळ्या थकीत खात्यांची यादी घेऊन येते, प्रत्येकापुढे शेवटचा हप्ता कधी आला आणि मी शेवटची कधी गेले होते ते लिहिलेलं आहे. त्यातली तीन खाती अशी आहेत की तिथे तुम्ही एकदा माझ्याबरोबर यावं असं वाटतं. साहेब स्वतः आले की वजन पडतं. गुरुवार जमत नसेल तर शुक्रवारी सकाळी नऊला मी ब्रँचमध्येच असेन.